आठ पानांचा महिना

हिशेबाचे लेखन हेही लेखनच आहे, असे साहित्याच्या वर्गात सहसा कोणी शिकवत नाही. बखर, पत्र, रोजनिशी, प्रवासवर्णन यांना आपण साहित्यप्रकारांच्या पंक्तीत बसवले. मात्र ज्यांनी आपल्यावर विश्वासाने पैसे आणि वेळ टाकला, त्यांना दरमहा काय सांगायचे, कोणत्या क्रमाने सांगायचे आणि काय मागायचे, हा प्रश्न आपण व्यवहाराच्या खात्यात ढकलून मोकळे झालो. गेली तीन वर्षे आम्ही तिघे हा प्रश्न दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सोडवीत आलो आहोत. तो भाषेचा प्रश्न आहे अशी आमची खात्री होत गेली, म्हणून हा लेख.

आधी आमच्याविषयी थोडे, कारण त्यावाचून पुढचे आकडे कळणार नाहीत. आम्ही साताऱ्यातून एक लहान कंपनी चालवतो. आजच्या बोलीत स्टार्टअप. ज्या मराठी लेखकांच्या निधनाला ६० वर्षे उलटून गेली आहेत, त्यांच्या बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांची आम्ही नवी जुळणी करतो आणि ५०० प्रतींच्या लहान आवृत्त्या काढतो. वाचक वर्षाला १,८०० रुपये आगाऊ भरतो आणि त्याला सहा पुस्तके टपालाने मिळतात. या वर्गणीदारांखेरीज दीडशेच्या आसपास हितचिंतक आहेत. कोणी जुन्या प्रती उसन्या दिल्या, कोणी मुद्रिते तपासली, कोणी छापखान्याशी गाठ घालून दिली. या सर्वांसाठी आम्ही दर महिन्याच्या ५ तारखेला आठ चौकोनी पानांचा एक वृत्तांत प्रसिद्ध करतो. फोनच्या पडद्यावर बोटाने एकेक पान सरकवीत वाचायच्या या प्रकाराला कॅरोसेल म्हणतात. इन्स्टाग्रामवर २०१७ पासून अशी दहापर्यंत पाने एकत्र टाकता येत. २०२४ मध्ये ती मर्यादा वीसवर गेली. आम्ही आठांवर थांबलो. हीच पाने पीडीएफ करून ईमेलनेही पाठवतो, कारण आमचे निम्मे हितचिंतक इन्स्टाग्रामकडे फिरकत नाहीत.

मराठीला ही कल्पना अगदीच नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी मर्यादित कंपनी काढली, गावोगाव फिरून भागधारक आणि वर्गणीदार मिळवले, आणि १९२७ साली ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्या मंडळाचा इतिहास लिहिला. अडचणी, पैसा, माणसे, सारे त्यात आले आहे. परंतु तो वृत्तांत कामाच्या अखेरीस लिहिलेला होता. वाचणाऱ्याला त्यात हात घालण्याची सोय उरली नव्हती. मासिक वृत्तांताचे वेगळेपण इथे आहे. तो चालू कामातून लिहिला जातो, आणि वाचणाऱ्याने पुढच्या पंचवीस दिवसांत काहीतरी करावे, अशी त्याची अपेक्षा असते.

म्हणून त्याचे तीन घटक ठरून गेले आहेत: आकडे, अडचणी आणि मागणी. सर्वसाधारणपणे हे तीन घटक तीन कप्प्यांत असतात. आधी चढत्या आलेखाचे पान, मध्ये कुठेतरी ‘काही आव्हाने आली’ असे एक मोघम पान, आणि शेवटी ‘असाच पाठिंबा राहू द्या’. एकेक पान सुटे सरकत असल्यामुळे हे कप्पे आणखी घट्ट होतात. वाचणाऱ्याला आकड्याचा अडचणीशी आणि अडचणीचा मागणीशी संबंध जोडून मिळत नाही. आमचा सारा खटाटोप तो संबंध टिकवण्याचा आहे. आकड्यातून अडचण दिसावी, अडचणीतून मागणी निघावी, आणि मागणीला मिळालेले उत्तर पुढच्या महिन्याच्या आकड्यात उतरावे. हे कसे करतो ते एका महिन्याच्या उदाहरणाने सांगतो. तो महिना म्हणजे २०२५ चा ऑक्टोबर.

आमचे चार आकडे ठरलेले आहेत आणि ते दर महिन्याला दुसऱ्या पानावर, त्याच क्रमाने, आधीच्या दोन महिन्यांच्या आकड्यांशेजारी छापले जातात. महिनाअखेर किती वर्गणीदार आहेत; ज्यांचे वर्ष या महिन्यात संपले त्यांपैकी किती जणांनी पुन्हा वर्गणी भरली; पुस्तक ठरल्या दिवसापेक्षा किती दिवस उशिरा टपालात पडले; आणि आजपासून एकही नवी वर्गणी आली नाही तर आम्ही किती महिने तग धरू. दुसऱ्या पानाची जागा मुद्दाम निवडलेली आहे. पहिले पान पाहून जो पुढे सरकत नाही, त्याला इन्स्टाग्राम पुष्कळदा नंतर दुसरे पान दाखवते. तेव्हा बाकी काही न वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरूनही हे चार आकडे एकदा जावेत, अशी ती योजना.

जे आकडे आम्ही देत नाही त्यांचाही उल्लेख करायला हवा. ‘आतापर्यंत एकूण इतकी पुस्तके घरोघर पोचली’ हा आकडा फार लोभस असतो. पण एकूण बेरीज कधी खाली येत नाही. उद्या आमचे काम जवळजवळ बंद पडले तरी ती रेघ वरच चढत राहील, फक्त जरा सावकाश. जो आकडा वाईट महिन्यात वाईट दिसू शकत नाही, तो वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. अनुयायांची संख्या आणि पसंतीचे अंगठे यांचे तेच. त्यांवरून पुढच्या महिन्यात आम्ही काय वेगळे करावे हे कळत नाही, म्हणून ते पानावर येत नाहीत.

आता ऑक्टोबर. महिन्याच्या आरंभी ४१२ वर्गणीदार होते. दिवाळीमुळे ३८ नवे आले. वर्ष संपलेले ६० होते. त्यांतले ३३ परतले, २७ गेले. म्हणजे महिनाअखेर ४२३. आता पाहा, याच महिन्याचे मुखपृष्ठ ‘दिवाळीत ३८ नवे वाचक’ असेही करता आले असते, आणि त्यात एक अक्षरही खोटे नसते. ‘वर्गणीदार ११ने वाढले’ हेही खरे. परंतु ऑगस्टमध्ये ५८ पैकी ४१ आणि सप्टेंबरमध्ये ६२ पैकी ४४ परतले होते, म्हणजे दोन्ही वेळा सुमारे ७१ टक्के. ऑक्टोबरात ६० पैकी ३३, म्हणजे ५५ टक्के. महिन्याची खरी बातमी ही होती. मुखपृष्ठावर आम्ही एकच वाक्य लिहिले: ‘ऑक्टोबर: ३८ आले, २७ गेले, हे २७ कोण, ते आत सांगतो.’

ते कोण हे शोधायला वेळ लागला नाही. ज्यांचे वर्ष ऑक्टोबरात संपते ते आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास आलेले. त्या ६० पैकी २४ वर्गण्या भेट म्हणून दिलेल्या होत्या. पैसे भरणारा एक आणि पुस्तके वाचणारा दुसरा. या २४ पैकी अवघ्या ४ चालू राहिल्या. स्वतःसाठी वर्गणी भरलेले ३६ होते, आणि त्यांतले २९ परतले. ऑगस्ट-सप्टेंबरात भेटवर्गण्या प्रत्येकी तीनच होत्या, म्हणून तिथे हा भेद दिसलाच नव्हता. पुस्तके आवडेनाशी झाली म्हणून आकडा पडला, असे मानण्याचे कारण नव्हते. भेट मिळालेल्या माणसाकडे आम्ही वर्षभर पुस्तक पाठवतो. वर्ष संपताना मात्र पत्र जाते ते पैसे भरणाऱ्याला, आणि त्याच्या लेखी भेट देऊन झालेली असते.

इथे आमच्यात वाद झाला, आणि तो इथे सांगण्याजोगा आहे. एकाचे म्हणणे असे, की भेटवर्गणी हा निराळा व्यवहार आहे हे आता कळले, तर परतणाऱ्यांच्या मोजणीतून ती काढून टाकावी. तसे केले की ३६ पैकी २९, म्हणजे ८१ टक्के. पडलेला आकडा एका फटक्यात चढलेला दिसला असता, आणि तर्कदृष्ट्या त्यात काही वावगे नव्हते. दुसऱ्याचे म्हणणे, की ज्या महिन्यात जुनी व्याख्या आपल्याला टोचली नेमक्या त्याच महिन्यात ती बदलली, तर तर्क कितीही शुद्ध असला तरी त्यावर कोणी विश्वास का ठेवावा? दोन तासांनी जे ठरले ते असे. ५५ हाच आकडा दुसऱ्या पानावर जाईल, ७१ आणि ७१ च्या शेजारी. तिसऱ्या पानावर त्याची फोड येईल: भेट २४ पैकी ४, स्वतः ३६ पैकी २९. पुढेही एकत्र आकडा बंद होणार नाही. फोड त्याच्या खाली येत राहील. व्याख्या बदलायचीच असेल तर किमान तीन महिने जुनी आणि नवी शेजारी शेजारी छापायची, म्हणजे बदलाचा फायदा कोणाला झाला हे वाचणाऱ्याला स्वतः पाहता येईल.

याच पानावर आम्ही आणखी एक पथ्य पाळतो. मोजायची माणसे शंभराहून कमी असतील तिथे टक्के मोठ्या अक्षरांत लिहीत नाही. ‘३६ पैकी २९’ असेच लिहितो. छत्तीस माणसांत एका माणसाचे वजन जवळजवळ तीन टक्के भरते. कोणी परगावी गेला आणि वर्गणी आठवडाभर उशिरा भरली, तर तेवढ्याने आकडा हलतो. ७४ वरून ८१ झाले म्हणून पेढे वाटायचे आणि ८१ वरून ७५ झाले म्हणून सुतक पाळायचे, हे दोन्ही प्रकार दोन-तीन माणसांच्या ये-जा करण्यावर उभे असतात. माणसांची संख्या समोर ठेवली की वाचणारा आपोआप जपून निष्कर्ष काढतो.

फोडीच्या पानानंतर लगेच चौथ्या पानावर त्यातूनच निघालेली मागणी आली. मागणी लिहिताना आम्ही चार गोष्टी तपासतो: कोणाला उद्देशून आहे, त्याने नेमके काय करायचे, किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘आमची माहिती सर्वांपर्यंत पोचवा’ या वाक्यात यांतले काहीच नाही; ते वाचून माणूस मान डोलावतो आणि पुढे सरकतो. ऑक्टोबरच्या चौथ्या पानावरचा मजकूर असा होता: ‘गेल्या दिवाळीत ज्या १९ जणांनी कोणाला तरी ही पुस्तके भेट दिली, त्यांना विनंती. त्या व्यक्तीला २० नोव्हेंबरपर्यंत एकदा विचारा: पुस्तके वाचलीत का, पुढे हवी आहेत का? उत्तर नाही असले तरी कळवा.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे. नकार कळवायलाही जागा ठेवली नाही, तर गप्प राहणाऱ्यांचा अर्थ लावता येत नाही. मजकूर तयार झाला की आम्ही एक परीक्षा घेतो. तो वाचताना वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एका विशिष्ट माणसाचा चेहरा येतो का? येत असेल तर मागणी जमली.

पाचवे पान अडचणीचे. पुस्तक १० ऑक्टोबरला टपालात पडायचे होते. वृत्तांत निघाला त्या ५ नोव्हेंबरला ते २६ दिवस उशिरा होते आणि अजून बांधणीतच होते. छपाई वेळेवर झाली होती. २०८ पानांचे पुस्तक, सोळा पानी १३ फर्मे. दिवाळीच्या तोंडावर बांधणीकाराकडे दिवाळी अंक, दिनदर्शिका आणि रोजनिश्या यांची झुंबड असते. त्या हजारोंच्या कामात आमच्या दोऱ्याने शिवायच्या ५०० प्रती मागे पडतात, कारण शिलाईला हात जास्त लागतात आणि पैसा कमी सुटतो. पानावर आम्ही लिहिले ते एवढेच: फर्मे २९ सप्टेंबरला पोचले, ५ नोव्हेंबरपर्यंत १३ पैकी ८ फर्म्यांच्या घड्या झाल्या, शिलाई सुरू व्हायची आहे, ४१२ जण पुस्तकाची वाट पाहत आहेत, नवी तारीख १० नोव्हेंबर.

या पानावर दोन मोह आवरावे लागतात. पहिला विशेषणांचा. ‘दुर्दैवाने’, ‘अनपेक्षित’, ‘अथक प्रयत्नांनंतरही’ हे शब्द अडचणीचे वर्णन करत नाहीत; वाचणाऱ्याने आपल्याविषयी काय वाटून घ्यावे हे ते सुचवतात. ते गाळले आणि त्यांच्या जागी तारखा ठेवल्या की पान आखूड होते आणि वाचणाऱ्याला स्वतःचे मत बनवता येते. दुसरा मोह बांधणीकाराचे नाव लिहिण्याचा. ते आम्ही लिहिले नाही. तो आपल्या धंद्याच्या हिशेबाने योग्यच वागत होता. मोठे काम आधी, लहान मागून. अडचण त्या माणसात नव्हती. ५०० प्रतींची शिलाई करून घेणाऱ्याला साऱ्या हंगामात एकाच दारावर उभे राहावे लागते, ही ती अडचण. असे नेमके लिहिले की मागणीही आपोआप नेमकी होते. सहावे पान: ‘कऱ्हाड, सांगली, मिरज, कोल्हापूर या पट्ट्यात ५०० प्रतींची दोरशिलाई डिसेंबरमध्ये करून देईल असा बांधणीकार माहीत असल्यास नाव आणि गाव १५ नोव्हेंबरपर्यंत कळवा. बोलणी आम्ही करू.’ हितचिंतकाकडून एका नावापलीकडे काही नको आहे, हे ‘बोलणी आम्ही करू’ या तीन शब्दांत येते. मदत करणाऱ्याचे काम कुठे संपते हे सांगितले नाही, तर चांगली माणसेही बिचकतात.

सातवे पान पैशाचे, आणि ऑक्टोबरात ते सर्वांत फसवे होते. महिनाअखेर बँकेत ४,८६,००० रुपये होते, आधीच्या दोन्ही महिन्यांहून अधिक. कारण उघड आहे. दिवाळीच्या वर्गण्या आल्या होत्या आणि पुस्तक अडकल्यामुळे बांधणीचे व टपालाचे पैसे गेले नव्हते. ज्या महिन्यात काम सर्वांत मागे पडले, त्याच महिन्यात खाते सर्वांत भरलेले दिसत होते. आगाऊ पैसे घेऊन माल मागाहून देणाऱ्या प्रत्येक धंद्यात हा चकवा आहे. १,८०० रुपये आले म्हणजे ते आपले झाले असे नव्हे. एकेक पुस्तक टपालात पडते तसतसे ३०० रुपये आपले होत जातात. ऑक्टोबरात एकही पुस्तक गेले नाही. त्या हिशेबाने महिन्याची कमाई शून्य.

म्हणून आम्ही शिल्लक अशी मांडतो. सर्व वर्गणीदारांना मिळून १,३१० पुस्तके द्यायची राहिली होती. एक पुस्तक छापून, बांधून, टपालात टाकायला सरासरी १३० रुपये लागतात. म्हणजे १,७०,३०० रुपये वाचकांचे, ते बाजूला. उरले ३,१५,७००. भाडे, वीज आणि आमचे तिघांचे बेताचे मानधन मिळून महिन्याला ७५,००० लागतात. म्हणजे चार महिने आणि वर थोडे दिवस. सबंध शिल्लक भागिली असती तर साडेसहा महिने दिसले असते. पानावर आम्ही ‘४ महिने’ लिहिले आणि खाली ही वजाबाकी तीन ओळींत दिली. त्याच्याखाली एक वाक्य दर महिन्याला असते, तेच या महिन्यातही होते: ‘हा आकडा २ वर आला की आम्ही नव्या वर्षवर्गण्या घेणे थांबवू आणि देणे असलेली पुस्तके पुरी करू.’

या पानाला जोडून मागणी नाही, याचे काहींना नवल वाटते. पैसे कमी आहेत असे सांगता, मग पैसे का मागत नाही? भांडवल मागायचे तर ते इथे मागता येत नाही. आमच्यासारखी खासगी कंपनी निवडक व्यक्तींना भाग देऊ शकते. पण २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ४२ नुसार अशा प्रस्तावाची जाहीर वाच्यता करता येत नाही, आणि काही अपवाद सोडता एका आर्थिक वर्षात २०० हून अधिक व्यक्तींना तो देता येत नाही. कोणीही सरकवू शकेल अशा चौकोनी पानावर ‘आमचे भाग घ्या’ असे लिहिणे म्हणजे कायद्याच्या बाहेर पाऊल टाकणे. आणि वर्गणी मागायची, तर ज्या महिन्यात पुस्तक अडकले आहे त्या महिन्यात आणखी आगाऊ पैसे मागणे आम्हाला रुचले नाही. म्हणून सातव्या पानावर फक्त हिशेब असतो.

आठवे पान मागच्या महिन्याच्या मागण्यांचे काय झाले याचे. कितीतरी वृत्तांतांत हे पान नसते, आणि मग मागण्या हवेत विरतात. मदत केलेल्यालाही आपण काय केले ते कळत नाही. सप्टेंबरात आम्ही दोन मुद्रितवाचक मागितले होते. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या पुस्तकांत जे अनुच्चारित अनुस्वार सर्रास असतात, ते मुळाबरहुकूम राखायचे म्हणजे ती जुनी पद्धत अंगवळणी असलेला डोळा हवा. एक वाचक मिळाला. तेव्हा आठव्या पानावर लिहिले: ‘दोनांपैकी एक मिळाला. एक अजून हवा: ४० पाने, २५ नोव्हेंबरपर्यंत, पानाला १५ रुपये.’ मागणी पुरी झाली नाही तर ती गुपचूप नाहीशी करायची नाही. एक तर पुन्हा मागायची, नाही तर ‘आता नको’ असे लिहून बंद करायची.

रूपाविषयी थोडे. देवनागरीला हा चौकोन जरा तोकडा पडतो. मात्रा आणि वेलांट्या वर जातात, उकार आणि जोडाक्षरे खाली येतात. ओळींतले अंतर रोमन लिपीच्या सवयीने ठेवले, तर एका ओळीचा रुकार खालच्या ओळीच्या मात्रेत शिरतो. म्हणून एका पानावर चाळिसाहून अधिक शब्द घालत नाही. पानावरचा मजकूर चित्र असल्यामुळे दृष्टिहीन वाचकांच्या फोनला तो नीट वाचून दाखवता येईलच असे नाही. तेव्हा चारही आकडे आणि सर्व मागण्या चित्राखालच्या मजकुरात पुन्हा टाइप करतो. आमच्या वर्गणीदारांत दृष्टिहीन प्राध्यापक आहेत, त्यांच्या घरचे त्यांना पुस्तके वाचून दाखवतात. त्यांना हिशेब मात्र दुसऱ्याकडून ऐकावा लागू नये.

आता पुढे काय झाले ते. पुस्तके ७ नोव्हेंबरला टपालात पडली. उशीर २८ दिवसांचा, आणि तोच आकडा नोव्हेंबरच्या पानावर गेला. बांधणीकारांची चार नावे आली. त्यांतले दोघे दोरशिलाई करणारे निघाले आणि सांगलीच्या एकाने डिसेंबरचे काम घेतले. भेट देणाऱ्या १९ पैकी ११ जणांनी उत्तर दिले. सहा वर्गण्या पुन्हा सुरू झाल्या, आणि तिघांनी कळवले की ज्यांना भेट दिली त्यांनी पाकिटे उघडलीच नव्हती. ती तीन उत्तरे आम्हाला त्या सहा वर्गण्यांइतकीच उपयोगी पडली. आता भेटवर्गणी घेताना वाचणाऱ्याचा पत्ता आणि फोन वेगळा घेतो, आणि दुसऱ्या पुस्तकानंतर त्यालाच विचारतो. मुद्रितवाचनासाठी पाच जणांनी लिहिले; त्यांत दोन निवृत्त शिक्षक होते.

त्यांतल्या एका शिक्षकांनी आपल्या पत्रात एक गोष्ट सहज लिहिली होती. ते आमचे चारही आकडे दर महिन्याला एका वहीत उतरवून ठेवतात. ५५ त्यांनी ७१ च्या खाली लिहिला, आणि समासात ‘भेटी’ असे टिपून ठेवले. हे वाचल्यावर त्या दोन तासांच्या वादाचा निकाल आम्हा तिघांनाही पटला. तिकडे कोणी वही घेऊन बसलेले असते. व्याख्या बदलून ८१ लिहिले असते, तर ते त्या वहीत ७१ च्या खाली बसले असते आणि वहीतला तो सबंध स्तंभ निरुपयोगी झाला असता.

नोव्हेंबरात परतलेले ते सहा जण ऑक्टोबरच्या ३३ मध्ये मिळवावेत का, असा प्रश्न पुन्हा निघाला होता. मिळवले तर ३९, म्हणजे ६५ टक्के. मिळवले नाहीत. ‘उशिरा परतलेले: ६’ अशी निराळी ओळ नोव्हेंबरच्या पानावर आली आणि ऑक्टोबर ५५ वरच राहिला. डिसेंबरअखेर तग धरण्याचा आकडा ४ वरून ५ झाला. तो २ झाला असता, तर त्या महिन्याचे मुखपृष्ठ काय असेल हे आमच्याकडे तयार आहे. पाने रचणारा सहकारी ते दर महिन्याला तारीख बदलून ठेवतो. त्यावर एकच वाक्य आहे आणि त्याखाली, द्यायची राहिलेली पुस्तके किती, तो आकडा.